गाळलेले तेल आणि त्यात उरणारे घटक

“आलूबोंड्याचे उरलेले तेल फडक्याने गाळून घेतले की ते पुन्हा नव्यासारखेच होते.”

गाळल्याने बेसनाचे जळके कण निघतात, पण तेलात विरघळलेले काहीही निघत नाही. आठवडी बाजारातल्या कढईत सकाळी सोयाबीनचे तेल तापते तेव्हा बोंड्यातले पाणी वाफ होताना तेलाचे रेणू तोडते आणि त्यातून मेदाम्ले सुटतात; शिवाय हवेतला प्राणवायू तेलाशी जुळून अस्थिर पेरॉक्साइडे तयार करतो. ती उष्णतेने फुटली की अल्डिहाइडे नावाची, इतर रेणूंशी चटकन जुळणारी संयुगे बनतात. त्यांतली काही वाफेबरोबर उडून तळणाऱ्याच्याच श्वासात जातात, तर उरलेली तेलात आणि तिथून बोंड्यात राहतात. या सगळ्या बदललेल्या घटकांना मिळून ध्रुवीय संयुगे म्हणतात. सोयाबीन तेलात सुमारे निम्मे लिनोलिक आम्ल, म्हणजे प्राणवायूशी सहज जुळणारे मेदाम्ल, असल्याने ते शेंगदाणा तेलापेक्षा लवकर बिघडते, आणि आपल्याकडे तेच जास्त वापरले जाते.

भारतात 1 जुलै 2018 पासून ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास मनाई आहे. जुन्या तेलात नवे ओतल्याने हे प्रमाण तेवढ्यापुरते उतरते, मात्र आधीची संयुगे तशीच राहतात.

अल्डिहाइडे शरीरातील प्रथिनांना आणि डीएनएला चिकटतात. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा तेलाने रक्तदाब वाढलेला आणि रक्तवाहिन्या बिघडलेल्या दिसल्या आहेत. माणसांतील पुरावा त्यामानाने थोडा आहे, त्यामुळे एका बोंड्याने आजार होतो असे म्हणणे चुकीचे ठरेल; खरी काळजी रोज खाणाऱ्याची आणि रोज तळणाऱ्याची आहे.

केवळ रंगावर विसंबू नये. न बसणारा फेस, चिकट दाटपणा आणि मंद आचेवरही निघणारा झोंबरा धूर दिसला, तर ते तेल टाकून द्यावे.