मुलगी साडी नेसायला आत गेली की...

काल नागपुरात मानेवाड्याकडच्या एका हॉलमध्ये साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. अडीचशे माणसं, मंचावर झेंडूचा पडदा, कोपऱ्यात डीजे आणि माइकवर निवेदन करायला बावीस-तेवीस वर्षांची एक पोरगी. आवाज छान, मराठी स्वच्छ. पहिल्या दहा मिनिटांत तिने सात-आठ चारोळ्या म्हटल्या, दोन्ही घरांचं तोंड भरून कौतुक केलं. मग नवरीला कुंकू लागलं, मुलाकडची साडी ओटीत पडली आणि नवरी ती साडी नेसायला आत गेली.

मग चाळीस मिनिटं काहीच नाही.

पोरगी मोबाइलवर बोट फिरवत उभी. "नवरी लवकरच आपल्या भेटीला येत आहे," असं तीनदा म्हणून झालं. चौथ्यांदा म्हणाली तेव्हा मागून एक भाऊ ओरडले, "अवो, गाणे लावा ना!" डीजेवाल्याने लावले. तिचं काम तिथंच संपलं. निघताना ठरलेल्या तीन हजारांतले दोनच हातात पडले. वर ऐकवलं, "तुम्ही अर्धाच वेळ बोलल्या ना." मी बाजूला चप्पल शोधत होते, म्हणून कानावर आलं. सकाळपासून तेच डोक्यात घोळून राहिलं आहे.

आधी राग तिच्यावरच काढते. राजेहो, साक्षगंधाची स्क्रिप्ट म्हणजे चारोळ्यांची वही नाही. कुंकू, ओटी, टिळा, अंगठ्या या प्रत्येकाला निवेदकाची दोन वाक्यं पुरतात, कारण तेव्हा लोक मंचाकडे बघतच असतात. निवेदकाची गरज असते ती मंच रिकामा झाल्यावर. आणि साक्षगंधात मंच कधी रिकामा होणार हे आपल्या घरांत लहान पोरालाही माहीत आहे. साडी नेसवायची, पिना लावायच्या, पार्लरवाली केस बदलणार, दागिने बदलणार, वाटेत फोटोग्राफर एकटीचे फोटो काढणार. पार्लरवालीला आधीच विचारावं, "ताई, किती वेळ?" ती वीस मिनिटं म्हणाली तर पस्तीस धरावी.

आता पस्तीस मिनिटांचा हिशोब करा. हॉलमध्ये कळेल असं बोलायचं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे साडेतीन-चार हजार शब्द झाले. इतकं कोणी लिहीत नाही आणि समोसा खाता खाता इतकं कोणी ऐकतही नाही. म्हणून ही पस्तीस मिनिटं आपण बोलायची नसतात, पाहुण्यांकडून बोलवून घ्यायची असतात. स्क्रिप्टमध्ये लिहायचं ते एवढंच, की कोणाला, कोणत्या क्रमाने आणि काय विचारून बोलतं करायचं.

कालच्याच साक्षगंधात हे असं बसलं असतं. पहिली पंधरा मिनिटं दोन्ही घरांची ओळख. प्रत्येक बाजूच्या सहा जोड्या, एका जोडीला मिनिटभर, उरलेली तीन मिनिटं लोकांना उठून उभं राहायला. आजी-आजोबा पहिले, मग मोठे बाबा-मोठी आई, काका, मामा, आत्या. यादी चार दिवस आधी घ्यायची आणि आई-वडील दोघांना वेगवेगळं विचारायचं, कारण आई सासरचं एखादं माणूस विसरते आणि वडील सासुरवाडीचं. एक आत्या राहिली तर लग्नापर्यंत पुरेल इतका रुसवा तयार होतो, आणि खापर माइकवाल्यावर फुटतं.

पुढची दहा मिनिटं प्रश्नांची. नवऱ्या मुलाला मंचावर एकट्याला उभं करायचं आणि मुलीबद्दल पाच प्रश्न विचारायचे. चहा की कॉफी, राग आला की बोलते की गप्प बसते, तर्री-पोह्यांत तर्री किती, असे. उत्तरं मुलीकडून दोन दिवस आधी लिहून आणलेली असतात. मुलगा चुकला की मुलीकडचे हसतात, उत्तर बरोबर आलं की मुलाकडचे टाळ्या वाजवतात. दोन्ही बाजूंना काम मिळतं. प्रश्न मात्र आधी मुलीच्या मोठ्या बहिणीला दाखवून घ्यावेत. पगार, वजन, स्वयंपाक येतो का, आधी कोण आवडायचं, हे विषय नकोतच.

मग उखाणे. इथे सगळे चुकतात ते असे, की "कोण उखाणा घेणार?" म्हणून सगळ्या हॉलला विचारतात. कोणीच उठत नाही, पंधरा सेकंद शांतता आणि मग आपलाच धीर सुटतो. तीन बायका आधीच ठरवून ठेवाव्या, एक तरी विहीणबाईंच्या बाजूची. ऐनवेळी आठवलं नाही तर हातात द्यायला मोठ्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या असाव्या. साधंच काहीतरी:

"काटोलची संत्री, वर्ध्याचा गोरसपाक,
___रावांनी मारली सगळ्यांसमोर हाक."

एकीने घेतला की बाकीच्या आपोआप येतात, दहा मिनिटं कशी जातात कळत नाही. फक्त माइक हातातून सोडू नका. मामाजींच्या हातात गेलेला माइक पाव तासाने परत येतो. आपण धरायचा, त्यांच्या तोंडासमोर न्यायचा, आणि वाक्य संपलं की "वा मामाजी!" म्हणत काढून घ्यायचा.

हे सगळं त्या पोरीला कोणी सांगितलं होतं का? बहुतेक नाही. म्हणून इथे राग थोडा खाली येतो.

आवाजाचंही तसंच. तिचा आवाज चांगला होता, पण वाक्याचं शेपूट ऐकूच येत नव्हतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि श्वासही शेवटीच संपतो. "मी मुलीचे मामा श्री. अमुक यांना मंचावर येऊन वधूवरांना आशीर्वाद देण्याची नम्र विनंती करते" हे वाक्य कागदावर बरोबर, माइकवर वाया. नाव आधीच येऊन गेलं, तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं, आणि "विनंती करते" पाशी दम संपला. उलटं करा. "ही सोयरीक ज्यांनी जुळवली. ज्यांच्या अंगाखांद्यावर ही नवरी खेळली. मुलीचे मामा..." इथे थांबा, श्वास घ्या, "श्री. अमुक!" नाव शेवटी पडलं की टाळी नावावर पडते. घरी तपासायचं तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन ऐका. शेवटचा शब्द तिथे पोचत नसेल तर वाक्य लांब आहे, तोडा.

आडनावांचं काय सांगू! काल "चाफले" मधला च तिने "चहा" मधल्यासारखा म्हटला. "चाफा" मधल्यासारखा हवा होता. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि कागदावर ते सारखेच दिसतात. जांभुळकरांचा ज आणि जिचकारांचा ज वेगळा. यादी मेसेजवर मागवू नका, बोलून रेकॉर्ड करून मागवा. जिथे जीभ अडखळते त्या नावाखाली रेघ मारा आणि कार्यक्रमाआधी तेवढीच नावं दहा वेळा मोठ्याने म्हणा. मंचावरच्या भीतीवर मला एवढाच उपाय ठाऊक आहे. भीती बहुतेक वेळा नाव चुकेल याचीच असते.

माइक हनुवटीजवळ, तोंडापासून तीन-चार बोटं, किंचित तिरका. तिरका यासाठी की प, फ, भ म्हणताना हवा थेट जाळीवर आदळत नाही. जाळीवर मूठ आवळायची नाही, त्याने आवाज घुसमटतो आणि माइक शिट्टी मारायला लागतो. कालची शिट्टी मात्र ती स्पीकरच्या पुढे जाऊन उभी राहिल्यामुळे होती. स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. स्पीकरच्या मागच्या रेषेत उभं राहिलं की बहुतेकदा प्रश्न मिटतो. मोबाइलवरून वाचणं बंद करा. स्क्रीन विझते, मध्येच फोन येतो. पोस्टकार्डाएवढे जाड कागद, एका कागदावर एकच भाग, कोपऱ्यात आकडा. हातातून पडले तरी लावता येतात.

बरं, समोर बालाघाट-छिंदवाड्याचे व्याही बसले असतील तर चार वाक्यं हिंदीत बोला, मान्य. पण दोन्ही घरं मराठी असताना "तो चलिए स्वागत करते हैं" कशासाठी? नागपुरात मराठी निवेदन म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं, हे कोणी ठरवलं?

आता खरा राग. त्या पोरीला नावांची यादी हॉलच्या दारात मिळाली. मी बघितलं, फुलवाल्याच्या बिलाच्या मागे लिहिलेली होती. मुलीच्या काकांनी बोलावलं, इव्हेंटवाल्याने ठरवलं, पैसे द्यायला तिसरेच. आणि चाळीस मिनिटं रिकामी गेली म्हणून हजार कापले! उशीर पार्लरचा, दंड हिला. बुफेत जिलेबी कमी पडली असती तर कोणाचे कापले असते, सांगा.

नवीन लोकहो, म्हणून बुकिंग फोनवर पक्कं करू नका. घरच्या घरी काकूच्या मुलीचं डोहाळजेवण फुकट केलं तर ठीक, नाही म्हणता येत नाही ते मलाही कळतं. पैसे घेऊन पहिलं काम धरायचं तर बारसं किंवा पंच्याहत्तरी धरा. पन्नास-साठ माणसं, दोन तास, मंच बहुधा नसतोच. आणि असा मेसेज पाठवून समोरच्याकडून "मान्य" लिहून घ्या:

"कार्यक्रम: साक्षगंध. वेळ 6.30 ते 9.30. मी 5.45 ला पोचेन. मानधन 3,000, निम्मे आज, निम्मे कार्यक्रम सुरू होण्याआधी. नावांची यादी उच्चारासह चार दिवस आधी. कार्यक्रम उशिरा सुरू झाला किंवा मध्ये थांबला तरी मानधन तेच. 9.30 नंतर प्रत्येक अर्ध्या तासाचे 500. पैसे देणाऱ्यांचं नाव: ___"

उरलेले पैसे सुरू होण्याआधीच का? कारण शेवटी सगळे जेवणाच्या रांगेत असतात आणि पाकीट ज्याच्याकडे आहे तो पाहुण्यांना सोडायला गेलेला असतो. लॉनवर काम असेल तर दहाला ध्वनिक्षेपक बंद होतो, 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं आहेच, त्यामुळे अंगठ्या साडेनऊच्या आत उरकतील असं मुलाच्या वडिलांना आधीच बजावून ठेवा.

काल नवरी शेवटी आली. मोरपंखी साडी, खरंच देखणी दिसत होती. पण गाणं इतकं जोरात होतं की ती मंचाच्या पायऱ्या चढेपर्यंत अर्ध्या लोकांनी मानही वळवली नाही. तिचं नाव घ्यायला माइकवर कोणी नव्हतंच. ती पोरगी तेव्हा बाहेर ऑटोवाल्याशी भाव करून राहिली होती.

कोणाच्या ओळखीची असेल तर तिला माझ्याशी बोलायला सांगा. पुढच्या रविवारी त्रिमूर्तीनगरला एक बारसं आहे, साठ माणसं. निम्मे पैसे आधी मिळतील. यादी मी बुधवारी देते, उच्चारासकट.