दारामागची भरलेली बॅग

गेल्या रविवारचं प्रवचन मला बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका पोरानं सुचवलं. खानापूर तालुक्यातलं पोर, फाउंड्रीत कामाला. तीन वर्षं झाली भाड्याच्या खोलीत राहतंय. भेटायला गेलो तर दारामागं गावाहून आणलेली बॅग तशीच भरलेली. कपडे तिच्यातूनच काढायचे, धुऊन परत तिच्यातच ठेवायचे. भिंतीला एक खिळासुद्धा नाही. म्हणाला, "कशाला मांडामांड, पाळकसाहेब? परत जायचंच आहे की." रोज रात्री आईशी तासभर फोन चालतो. शेजारच्या खोलीत कोण राहतं, हे मात्र त्याला सांगता आलं नाही.

म्हणून मी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचा 29वा अध्याय घेतला. इ.स.पू. 597 मध्ये नबुखद्नेस्सरानं यरुशलेमची माणसं धरून बाबेलला नेली. परकी भाषा, परके देव. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा यरुशलेमात सांगत होता, दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयानं मात्र पत्र लिहून कळवलं की सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांची माती बाबेलातच होणार होती.

आपण याच अध्यायातलं अकरावं वचन कॅलेंडरवर छापतो, आशेचं म्हणून. पण ती आशा या सत्तर वर्षांच्या हिशेबानंतर येते, आणि त्याच्याही आधी कामं सांगितलेली आहेत: घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, पोरांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, त्याच्या शांतीतच तुमची शांती आहे. ज्यांनी घर मोडलं त्यांच्याच शहरासाठी प्रार्थना! हे सोपं नाही, आणि आपल्या सीमाभागात भाषेवरून मनं किती दुखावलेली आहेत हे मला चांगलं माहीत आहे.

गाव विसरा, असं यिर्मया कुठंही म्हणत नाही. परत आणीन, हा शब्द त्याच पत्रात आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडलेल्यांचं स्तोत्रही पवित्र शास्त्रात जपून ठेवलंय. रडू येणं हा अविश्वास नव्हे. धोका आहे तो हनन्याच्या "दोन वर्षां"चा. दिवाळीनंतर जाऊ, मग शिमग्यानंतर, मग सुगीनंतर, असं म्हणत माणूस इथंही राहत नाही आणि तिथंही नसतो.

त्या पोराला मी एवढंच सांगितलं, की बॅग रिकामी कर, खिळा मार, आणि शेजाऱ्याचं नाव विचार. शेजारी गोकाककडचा निघाला, कन्नड बोलणारा, तोही एकटाच. परवा गेलो तेव्हा दोघं एकाच स्टोव्हवर भात शिजवत होते, आणि खिडकीत तेलाच्या डब्यात कढीपत्त्याचं रोप होतं. बॅग अजून दारामागंच आहे, अर्धी रिकामी.