बटणांची जागा बदलते, कामांची संख्या नाही

“पीएस फाइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन बटणे बदलून घ्या, मग एका हाताने कोणताही गेम खेळता येतो. वेगळे काही विकत घ्यायची गरज नाही.”

पीएस फाइव्ह या गेम कन्सोलबद्दल एका हाताने खेळणाऱ्यांना असा सल्ला दिला जातो. त्याच्या पहिल्या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. Settings > Accessibility > Controllers येथे Custom Button Assignments ही सोय मिळते आणि ती कन्सोलच्या पातळीवर काम करते. कंट्रोलरवरील एका बटणाला दुसऱ्याचे काम दिले की तो बदल गेमपर्यंत पोहोचण्याआधीच झालेला असतो, आणि म्हणूनच गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये अशी सोय नसली तरी तो लागू पडतो. मात्र यातून कामांची केवळ अदलाबदल होते. एकाच क्षणी चार कामे करावी लागत असतील, तर बदलानंतरही ती चारच राहतात. म्हणून गेम एका हाताला जमेल की नाही हे त्यात एका वेळी किती कामे पडतात यावर ठरते.

सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याचा उजवा हात दुचाकीच्या अपघातानंतर निकामी झाला असून तो केवळ डाव्या हाताने मोटारींच्या शर्यतीचे गेम खेळतो. अशा गेममध्ये बहुधा अंगठ्याने हलवायच्या डाव्या स्टिकने वळायचे, कंट्रोलरच्या कडेवरील उजव्या R2 ट्रिगरने वेग द्यायचा आणि डाव्या L2 ट्रिगरने ब्रेक लावायचा असतो. त्याने L2 ला R2 चे काम दिले आणि त्याच्या वरच्या L1 बटणाला L2 चे. आता अंगठा स्टिकवर, मधले बोट L2 वर आणि तर्जनी L1 वर राहते. हँडब्रेक त्याने L3 वर, म्हणजे स्टिक आत दाबण्यावर घेतला. या बदलांमुळे मोकळी पडलेली कामे उजव्या बाजूच्या बटणांना दिली, कारण एखादे काम कोणत्याच बटणावर उरले नाही, तर ऐन शर्यतीत ते सापडत नाही. बदल पुरे झाल्यावर यादी वरपासून खालपर्यंत एकदा वाचावी.

येथे एक तोटा पदरी पडतो. L2 आणि R2 किती दाबले हे कन्सोलला कळते, पण L1 ला फक्त दाबले किंवा सोडले एवढेच कळते. त्यामुळे त्याच्या मोटारीचा ब्रेक एकदम पूर्ण लागतो आणि वळणावर चाके जाम होऊन ती सरळ घसरत जाते. असे वारंवार घडू लागले की दोष हाताचा नसून या बदलाचा आहे असे समजावे, आणि गेममधील एबीएसची, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी मदत चालू करावी. वेगाचे काम मात्र ट्रिगरवरच ठेवावे, कारण तो कमीजास्त करणे सतत लागते. तेच बोट शर्यतभर दाबून धरावे लागते, म्हणून Trigger Effect Intensity बंद केल्यास ट्रिगरचा विरोध जाऊन बोट कमी थकते.

पडद्यावरील सूचनांचाही विचार त्या सल्ल्यात नाही. गेमला बदल ठाऊकच नसल्याने तो पूर्वीप्रमाणेच “R2 दाबा” असे दाखवतो, आणि खेळाडूला मनातल्या मनात भाषांतर करावे लागते. गेममध्ये स्वतःचे बटणबदल असतील तर आधी तेच वापरावेत, कारण तेथे सूचनाही बहुधा बदललेल्या दिसतात. दोन्हीकडे एकदम बदल केल्यास ते एकमेकांवर चढतात; असा गोंधळ झाला की कन्सोलमधील बदल बंद करून गेम पुन्हा पाहावा. बटण दाबून धरण्याऐवजी एकदाच दाबायचा पर्यायही कन्सोलच्या या सोयीत मिळणार नाही, तो गेमच्याच सेटिंगमध्ये शोधावा लागतो.

खरी अडचण दोन स्टिकच्या गेममध्ये येते. बंदुकीच्या बहुतेक गेममध्ये एका स्टिकने चालायचे आणि त्याच वेळी दुसऱ्याने पाहायचे असते. कन्सोल दोन स्टिकची अदलाबदल करू देते, पण दुसऱ्या स्टिकचे काम बटणांवर उतरवून देत नाही. एकच अंगठा दोन्ही स्टिकवर एकदम राहू शकत नाही, आणि सेटिंगमध्ये कितीही फेरफार केले तरी यात बदल होत नाही.

आणखी काही विकत घेण्याच्या प्रश्नावर मी सरसकट ‘हो’ म्हणणार नाही. शर्यतीच्या गेमसाठी कंट्रोलर न घसरणाऱ्या रबरी चटईवर, मांडीवर किंवा टेबलावर टेकवला तरी पुष्कळदा भागते. दोन स्टिकच्या गेमसाठी मात्र दुसरा कंट्रोलर लागतोच. पीएस फाइव्हवर सप्टेंबर 2023 पासून दुसरा कंट्रोलर साहाय्यक म्हणून जोडून दोन्हींनी एकच पात्र चालवता येते, आणि एक्सबॉक्सवर हीच सोय पूर्वी कोपायलट या नावाने मिळे, आता तिला Controller assist म्हणतात. भाच्याच्या घरी असे गेम खेळताना त्याची बहीण दुसऱ्या कंट्रोलरवर फक्त पाहण्याची स्टिक सांभाळते. चालणे आणि गोळी झाडणे त्याच्याकडे असते. घरी कोणी सोबतीला नसेल, तर तो शर्यतीच्याच गेमकडे वळतो.