बंदी आधी कळते, अर्थ मागून

"सात-आठ वर्षांखालच्या पोराला शिवी म्हणजे काय हे कळतच नाही, ते नुसतं पोपटासारखं बोलतंय. हे सगळं मोबाईलनं शिकवलंय. पहिल्याच शिवीला जिभेवर तिखट ठेवा, परत बोलणार नाही. आणि आपल्या कोल्हापुरात तर शिवी म्हणजे प्रेम. इथल्या पोराला शिवी कुठली आणि साधा शब्द कुठला, फरकच समजत नाही."

लहान पोरांच्या शिव्यांचा विषय निघाला की हे मला नेहमी ऐकवलं जातं. पण पोपट बोलून झाल्यावर समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. मूल बघतं. मी बालवाडीत शिकवते आणि शब्दापेक्षा त्या बघण्याकडेच माझं लक्ष असतं.

चेहरा वाचायला मूल फार लवकर शिकतं. १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. वर्षभराची बाळं जाड काचेच्या टेबलावर ठेवली होती. काचेखाली मध्येच जमीन खाली गेल्यासारखी दिसत होती आणि पलीकडे आई उभी होती. आईनं हसरा चेहरा केला तेव्हा बहुतेक बाळं काचेवरून रांगत पलीकडे गेली. आईनं घाबरलेला चेहरा केला तेव्हा एकही गेलं नाही. पुढे शब्दांच्या बाबतीत मूल हेच करतं. नवा शब्द तोंडातून काढायचा, मग मोठ्यांचा चेहरा बघायचा.

मंगळवार पेठेतल्या एका एकत्र कुटुंबातला साडेतीन वर्षांचा पोरगा घ्या. गाडी चालू झाली नाही की आबा "च्यायला" म्हणतात, हे तो रोज ऐकतो. एक दिवस त्याचा ठोकळ्यांचा मनोरा पडला आणि तो बरोब्बर त्या क्षणी "च्यायला!" म्हणाला. शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नाही, पण तो कधी वापरायचा हे पक्कं ठाऊक आहे. मग त्यानं मान वळवली. आईचे डोळे मोठे झाले होते आणि आज्जी पदराआड हसत होती. एकाच शब्दाला दोन उत्तरं आली, म्हणून खात्री करायला तो परत म्हणाला, या वेळी जरा मोठ्यानं. पालक मला सांगतात, "बाई, मुद्दाम करतोय." मुद्दामच करतोय, पण खोडी म्हणून नाही. दोन्हींतलं खरं उत्तर कुठलं ते त्याला बघायचं असतं. आठवड्याभरात दारात पाहुणे आले की तोच शब्द, आणि शब्दाआधीच तोंडावर हसू. हसू आधी आलं की समजावं, बंदी त्याला कळली.

नुसती नक्कल असेल तर ती वेगळी दिसते. दीड-दोन वर्षांचं मूल वाक्याचं शेपूट उचलतं, सपाट आवाजात, कुठंही, आणि खेळत राहतं. आवाज खाली येत नाही, नजर वर जात नाही. हा टप्पा असतो, पण छोटा. बहुतेकांचा तिसरं-चौथं वर्ष लागेपर्यंत संपलेला असतो.

मग चार-पाच वर्षांच्या मुलाला नक्की काय कळलेलं असतं? काही शब्द तोंडातून काढायचे नसतात, एवढंच. का, ते नाही. आणि म्हणून त्याच्याकडे सगळ्या बंद्या एकाच पिशवीत असतात. आपल्या घरांत ही पिशवी किती भरलेली असते बघा. बाहेर पडताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. दुकान "बंद केलं" म्हणायचं नाही, "वाढवलं" म्हणायचं. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, "जनावर" म्हणायचं. जेवताना शी-शू काढायची नाही. आज्जीला "ए म्हातारे" म्हणायचं नाही. आणि ती शिवी तर नाहीच नाही. मोठ्यांच्या लेखी यातलं एक अशुभ, एक किळसवाणं, एक उद्धट, एक अश्लील. मुलाच्या लेखी सगळ्यांवर एकच पाटी: "असं बोलू नये."

हे आपल्याकडचंच आहे असं नाही. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वित्झर्लंडमधल्या मुलांना विचारलं होतं की खोटं बोलणं म्हणजे काय. हे काम १९३२ साली प्रसिद्ध झालं. सहा वर्षांच्या आसपासची काही मुलं म्हणाली, वाईट शब्द बोलणं म्हणजे खोटं बोलणं. कुणाला मूर्ख म्हटलं तर ते खोटं का, तर हो. पियाजेंचा उलगडा मला पटतो: मूल दोन्हींची गल्लत करतं, कारण दोन्ही तोंडानं केलेले आणि मोठ्यांनी मना केलेले गुन्हे आहेत. म्हणून बालवाडीतलं पोर धावत येऊन "बाई, तो 'येडा' म्हणाला" असं सांगतं तेव्हा त्याचा चेहरा खून बघितल्यासारखा असतो. त्याला अजून मोजपट्टी मिळालेली नसते. 'येडा' आणि आईवरची शिवी, दोन्ही सारख्याच वजनाचे.

माझ्या मते सगळ्यात पक्की खूण पहिली-दुसरीत दिसते. मूल तक्रार घेऊन येतं: "बाई, त्यानं मला भ वरून शिवी दिली." म्हणजे शब्द दुसऱ्यानं वापरला, आपण फक्त सांगतोय, तरीसुद्धा तो उच्चारला की आपलं तोंड विटाळेल ही समज आलेली आहे. आणि नुकतीच हाताशी आलेली बाराखडी पोरगं त्यावर तोडगा म्हणून वापरतंय! साडेसहा-सात वर्षांच्या या मुलाला "कळतच नाही" म्हणायचं असेल तर मग कळणं कशाला म्हणायचं, ते तरी सांगा.

अर्थ आणि मोजपट्टी यानंतर येतात, तेही तुकड्या-तुकड्यानं. सात-आठच्या पुढे मूल जागा आणि माणसं ओळखून बोलतं: मैदानात चालतं, वर्गात नाही, मित्राला चालतं, मित्राच्या आईसमोर नाही. हे तपासायला एक सोपा प्रश्न आहे. "बाईंनीच चालेल म्हटलं, तर चालेल का?" ही पद्धत नैतिक विकासाच्या अभ्यासातली आहे. मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांनी १९८१ साली दाखवलं होतं की बालवाडीतल्या मुलांनाही मारणं आणि खेळणी न आवरणं यातला फरक कळतो. नियम नसला तरी मारणं वाईटच, असं ती सांगतात. शिव्यांबद्दल मी हाच प्रश्न विचारते तेव्हा चार वर्षांचं मूल बहुधा ठाम "नाही" म्हणतं. नऊ वर्षांचं उलट विचारतं, "कुणाला द्यायची?" या उलट प्रश्नात बरीच वर्षं मुरलेली असतात. दहाव्या-बाराव्या वर्षी शरीराबद्दलचं ज्ञान येतं आणि मग एखाद्या दिवशी पोराला कळतं की आपण इतकी वर्षं बेफिकीर म्हणत आलो त्या 'च्यायला'त कुणाची तरी आई आहे. काही जण तेव्हा तो शब्द सोडतात. काही जण त्याच दिवशी तो जास्त वापरायला लागतात.

मोबाईलचं थोडक्यात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिमथी जे हे १९८० च्या दशकापासून मुलांच्या तोंडचे वर्ज्य शब्द गोळा करत होते. तेव्हा कुणाच्या हातात कसला मोबाईल? क्रिस्टिन जे यांच्यासोबत त्यांनी २०१३ साली एक ते बारा वर्षांच्या मुलांच्या नोंदी मांडल्या. त्यांत अगदी एक-दोन वर्षांच्या मुलांच्या तोंडीही काही शब्द सापडले आणि अकरा-बारापर्यंत यादी मोठ्यांच्या यादीसारखी झाली. मात्र अशा नोंदी मोठी माणसं घेतात, त्यामुळे मोठं मूल जे लपवून बोलतं ते त्यांत कमीच उतरतं. मोबाईल शब्द पुरवतो, हे मी नाकारत नाही. पण कुठला शब्द वर्ज्य आहे हे तो शिकवू शकत नाही, कारण त्याचे डोळे मोठे होत नाहीत. ते काम घरातल्या चेहऱ्यांचंच.

तिखटाबद्दल मला राग आहे, तरी शांतपणे सांगते. टिमथी जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली कॉलेजमधल्या मुलामुलींना विचारलं की लहानपणी शिवीबद्दल काय शिक्षा झाली आणि तिचा काय उपयोग झाला. शिक्षा त्यांना नीट आठवत होत्या. शिव्या मात्र थांबल्या नव्हत्या. २००३ सालचा दुसरा अभ्यास तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांवर होता. बोटांना तारा लावून कातडीवरचा सूक्ष्म घाम मोजला होता. मातृभाषेतल्या शिव्यांना घाम आलाच, पण लहानपणी आई-वडील रागावताना जी वाक्यं म्हणतात, "लाज नाही वाटत?" अशा धाटणीची, ती मातृभाषेत ऐकली की प्रतिसाद इंग्रजीपेक्षा स्पष्टपणे जास्त होता. म्हणजे दटावणी मुलाच्या अंगात मुरते ती वयभर. वरून तिखट ठेवलंत तर साडेतीन वर्षांच्या पोराला एवढंच कळेल की त्या शब्दात प्रचंड ताकद आहे. नेमकी तीच त्याला तपासायची होती.

आता कोल्हापूर. इथं मित्राला हाक मारताना जो शब्द येतो तो पुण्यात भांडण लावेल, हे खरंच. पण त्यावरून पोरांना फरक कळत नाही असं ठरत नाही. उलट त्यांना तो जास्त बारीक कळावा लागतो. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाची फुटबॉल मॅच बघायला काकाबरोबर गेलेला नऊ वर्षांचा पोरगा तिथं काय काय ऐकतो, सांगायला नको. घरी आल्यावर आज्जीनं "कशी झाली मॅच?" विचारलं की तो सगळी मॅच सांगतो, प्रेक्षकांच्या वाक्यांसकट, फक्त दोन शब्दांच्या जागी "असं-असं म्हणाला" घालून. त्याच शब्दात प्रेम कधी आणि वार कधी हे तो आवाजावरून आणि नात्यावरून ओळखतो.

इथल्या मुलांना जे खरोखर कळत नाही ते वेगळंच आहे. बंदी ही चेहऱ्यांवरून शिकली जाते, तर ज्या शब्दाला घरातला एकही चेहरा बदलत नाही, तो शब्द मुलाच्या पिशवीत जातच नाही. कुणाच्या काळ्या रंगावरून, लंगड्या पायावरून, आणि सगळ्यात जास्त जातीवरून मारलेले शब्द. 'येडा'ची तक्रार घेऊन धावणारं मूल जातीचं नाव शिवीसारखं वापरलेलं ऐकून जागचं हलत नाही, कारण घरात तो शब्द त्यानं जेवणाच्या ताटावर, साध्या आवाजात ऐकलेला असतो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला लोकांसमोर जातीवरून शिवी देणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. सातवीतल्या मुलांना मी एकदा विचारलं, सगळ्यात वाईट शिवी कुठली? सगळे खाली मान घालून हसले आणि कुणी शब्द उच्चारला नाही. मग जातीवरून बोललेलं एक वाक्य सांगून ते शिवी आहे का असं विचारलं, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा म्हणाला, "हो." बाकीचे त्याच्याकडे वळून बघायला लागले.