रिप्लाय देताना सब्जेक्टला हात लावू नका!

चांगली चाललेली मेलची साखळी. सगळे रिप्लाय एकाखाली एक, कोण कोणाला काय म्हणालं ते स्पष्ट दिसतंय. आणि मध्येच कोणीतरी उठतं, रिप्लाय देताना सब्जेक्टमध्ये ‘अंतिम’ किंवा ‘तातडीचे’ घुसडतं आणि सगळ्याचा विचका करून मोकळं होतं. वर त्यांना वाटतं आपण फार व्यवस्थितपणा केला!

परवाचंच घ्या. वार्षिक अहवालाचा मसुदा आमच्यात फिरत होता. सब्जेक्ट साधा: ‘वार्षिक अहवाल मसुदा’. एकीने मसुदा पाठवला, दुसऱ्याने मांडणीबद्दल रिप्लाय दिला. मग एका वरिष्ठांनी त्या रिप्लायला रिप्लाय दिला आणि सब्जेक्ट केला ‘अंतिम – वार्षिक अहवाल मसुदा – तातडीचे’. झालं. निम्म्या लोकांच्या स्क्रीनवर दोन वेगळी संभाषणं तयार झाली. हिशेबाच्या तक्त्यातली चूक जिने पकडली होती, तिने जुन्या संभाषणात लिहिलं. छपाईला फाइल पाठवणारा नव्या संभाषणात होता. त्याने ती दुरुस्ती पाहिलीच नाही, आणि चुकीचा तक्ता छापून आला. मग ‘मेल नीट वाचत जा’ म्हणून बोलणी कोणाला? त्यालाच! ज्यांनी साखळी तोडली त्यांना कोणी चकार शब्द बोललं नाही.

त्यात आणखी चीड आणणारी गोष्ट म्हणजे मेलच्या आत साखळी शाबूत होती. प्रत्येक मेलला पाठवतानाच एक स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो, तो Message-ID. रिप्लाय दिला की कोणत्या मेलला उत्तर दिलं त्याचा क्रमांक In-Reply-To या ओळीत बसतो, आणि References या ओळीत पहिल्या मेलपासूनचे क्रमांक ओळीने येतात. मेलचं स्वरूप ठरवणाऱ्या २००८ च्या आरएफसी ५३२२ या मानकात हे सगळं लिहिलेलं आहे. वरिष्ठांच्या त्या ‘अंतिम’ मेलच्या पोटात साधारण असं होतं (क्रमांक मी सोपे करून लिहिलेत):

```
Message-ID: <c3@example.org>
In-Reply-To: <b2@example.org>
References: <a1@example.org> <b2@example.org>
```

म्हणजे a1 हा मसुदा, b2 हा मांडणीचा रिप्लाय आणि c3 त्याचं उत्तर. वंशावळ स्वच्छ लिहिलेली आहे. मग तुटलं कुठे? तुटलं ते दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या नियमात. जीमेल फक्त हे क्रमांक बघत नाही, सब्जेक्टही जुळतो का ते बघतं. पुढे Re: लागलं तर चालतं, पण मूळ शब्द बदलले की नवं संभाषण. थंडरबर्ड मात्र References वर विश्वास ठेवतं, त्यामुळे तिथे तोच मेल जुन्या साखळीत जागच्या जागी राहतो. म्हणून आमच्यातले काही जण शपथेवर सांगत होते की ‘सगळं एकत्रच तर आहे’, आणि बाकीचे दोन संभाषणं दाखवत होते. दोघंही खरं बोलत होते, आणि त्यावरून भांडण तेवढं झालं.

सब्जेक्ट बदलला की विषय बदलला, असं प्रोग्रामने मानणं अगदीच निराधार नाही, हे मी कबूल करतो. कारण दुसऱ्या टोकाची माणसंही आहेतच. यांना नवा मेल लिहायचा कंटाळा. चार जणांचे पत्ते शोधायला नकोत म्हणून महिन्यापूर्वीचा कुठलातरी मेल उघडायचा, रिप्लाय-ऑल दाबायचं आणि पूर्ण वेगळी गोष्ट लिहायची. सब्जेक्ट तसाच ठेवला तर सुट्ट्यांची चौकशी ‘वार्षिक अहवाल मसुदा’च्या पोटात जाऊन पडते, आणि तो अहवाल संपला म्हणून ते संभाषण कोणी म्यूट केलेलं असेल तर ती चौकशी त्याला दिसतही नाही. सब्जेक्ट बदलला तर जीमेलमध्ये सुटका होते, पण थंडरबर्डमध्ये नाही. References मध्ये जुनेच क्रमांक असल्यामुळे तो मेल जुन्या, बंद करून ठेवलेल्या साखळीखाली जाऊन बसतो. सब्जेक्टची ओळ पुसून नवी लिहिली म्हणजे नवा मेल झाला, ही समजूत साफ चुकीची आहे. नवा विषय असेल तर नवा मेल उघडा! पत्ते कॉपी करायला असा किती वेळ लागतो?

आणि यंत्रं तरी काय कमी आहेत? आमच्या एका पुरवठादाराच्या तक्रार-प्रणालीतून येणाऱ्या प्रत्येक मेलच्या सब्जेक्टमध्ये तक्रारीची सद्यस्थिती असते. आधी ‘नोंदवली’, मग ‘तपास सुरू’, मग ‘माहितीची प्रतीक्षा’, मग ‘बंद’. तक्रार एक, संभाषणं चार. त्यांना कोणती माहिती हवी होती हे शोधायला प्रत्येक तुकडा उघडून बघावा लागतो. ज्याने ही प्रणाली बनवली त्याने स्वतः तिचा एकतरी मेल वाचला असेल का? तक्रारीचा क्रमांक सब्जेक्टमध्ये ठेवा, तो बदलत नाही. सद्यस्थिती मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहा. आणि आधीच्या मेलचा क्रमांक References मध्ये घाला, तो पाठवणाऱ्या प्रणालीकडे असतोच.

Re: च्या बाबतीतही तोच गोंधळ. मानक सांगतं की Re: लावायचं तर एकदाच लावा. तरी जर्मन सेटिंग असलेले काही प्रोग्राम AW: लावतात, स्वीडिश SV: लावतात, आणि समोरच्या प्रोग्रामला ही अक्षरं ओळखता आली नाहीत तर त्याच्या लेखी सब्जेक्टच बदलला. इथे निदान लिहिणाऱ्याचा दोष नसतो.

जिथे दोष कोणाचा हे ठरवायचं असेल तिथे तर्क लढवत बसू नका. वेगळा पडलेला मेल जीमेलमध्ये उघडा, तीन टिंबांच्या मेनूत Show original दाबा आणि References शोधा. तिथे जुन्या मेलचे क्रमांक असतील आणि सब्जेक्ट वेगळा असेल, तर कोणीतरी सब्जेक्टला हात लावलाय. References ची ओळच नसेल, तर समोरच्याने रिप्लाय न देता नवा मेल लिहिलाय किंवा त्यांचा प्रोग्राम ती ओळ घालत नाही. दोन्ही ठीक असूनही संभाषण तुटलं असेल तर मेलची संख्या बघा, कारण शंभराच्या पुढे गेलं की जीमेल स्वतःच नवं संभाषण सुरू करतं. सब्जेक्ट देवनागरीत असेल तर तिथे =?UTF-8?B? ने सुरू होणारा अगम्य मजकूर दिसू शकतो. त्याने घाबरू नका, ती फक्त सांकेतिक रूपातली अक्षरं असतात.

माझा सगळ्यात जास्त संताप मात्र याचा आहे की तोडणं इतकं सोपं आणि जोडणं अशक्य. दोन संभाषणं पुन्हा एक करण्याचं बटण जीमेलमध्ये नाही. एकदा फाटा फुटला की तो तसाच राहतो. दोन्हीकडे रिप्लाय येत राहतात, आणि कोणीतरी जुन्या संभाषणात ‘यापुढे इथे लिहू नका, दुसरीकडे लिहा’ असं सांगून तिथल्या दुरुस्त्या हाताने नव्यात उतरवत बसतं. आमच्याकडे ते काम त्याच छपाईवाल्या मुलाच्या गळ्यात पडलं. ज्यांनी ‘तातडीचे’ लिहिलं, त्यांनी ते उतरवायला बसावं. तातडी दाखवायचीच होती तर मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहायला काय हरकत होती?