आज्जा स्वप्नात आला तर

गणपती बोळवून पितृपंधरवडा लागला की बेळगाव-खानापूर भागात पूर्वजांची ये-जा सुरू होते. घरात दिवसभर म्हाळाचीच बोलणी, त्यात रात्री आज्जा दिसला नाही तरच नवल. तुमच्याकडे आला तर घाबरू नका, फक्त रीत पाळा.

पहिलं म्हणजे, तो काय म्हणाला ते जसंच्या तसं कुणाला सांगायचं नाही. समजा तो एवढंच म्हणाला, "भूक लागूलालीय, कायतरी वाढ." आता तांदळाची खीर, वडे करून त्याच्या तिथीला पान वाढलं, एक कावळ्याला ठेवलं की विषय मिटतो. तिथी आठवत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच. पण इतक्या स्वस्तात सुटणारा पूर्वज कुणाला हवा? म्हणून सांगा, "काही बोलला नाही, नुसता बघत होता." न बोलणाऱ्या पूर्वजाचा खर्च जास्त येतो.

मग गावच्या देवाला कौल लावा. गुरव मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो; उजवी आधी पडली की होकार. पाणी वाळलं की पाकळी पडणारच, हे मनातही आणू नका. खरी कसरत प्रश्नाची. "आज्ज्याला भूक लागलीय का?" असं विचारलंत तर हो म्हणून देव मोकळा होईल. "घराला दोष आहे का?" असं विचारा. डावी पडली तर "आत्ता दिसत नाही, पण मागच्या पिढीत होता का?" मग "आईकडून आलाय का?" चौथ्या-पाचव्या खेपेला उजवी पडतेच, कारण तोवर गुरवालाही जेवायला जायचं असतं.

दोष निघाला की त्रिपिंडी. ती सलग तीन वर्षं श्राद्ध चुकलं असेल तर करतात. तुम्ही दरवर्षी घातलंय म्हणून अडायचं कारण नाही, भाऊबंदांत कुणीतरी चुकवलेलं असतंच. नारायण नागबळी निघाला तर तीन दिवस मोडतात. त्यासाठी गोकर्ण जवळ पडतं, पण त्र्यंबकेश्वरच सांगा. पैसे पुण्याचा थोरला देणार आहे. (स्वप्न कायम गावाकडच्या भावाला पडतं, बिल कायम बाहेरच्याला जातं. हा नेम मोडू नये.)

एक अडचण येऊ शकते. एखादा आगाऊ पोरगा विचारेल, "आज्ज्याला जाऊन इतकी वर्षं झाली, दरवर्षी म्हाळ घालताय, मग जमिनीच्या उताऱ्यावर अजून त्याचंच नाव कसं?" मृत्यूचा दाखला आहे, वंशावळ आहे, फक्त वारसा लावायला चार भावांच्या सह्या एका कागदावर जमत नाहीत. "तेच सांगायला आला असेल की तो!" असंही तो म्हणेल.

त्याला लगेच गच्चीवर पाठवा. कावळा शिवला का ते बघायला कुणीतरी लागतंच.