प्रतिक्रियेला उत्तर : ती वजाबाकी कुठून आली

प्रतिक्रिया : "लेख वाचला. व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या गरजेतून सरसकट 15-20 टक्के कॅलरी वजा करा, हे कोणत्या आहारतज्ज्ञाने सांगितले? पोलिओ झालेला, पाय कापलेला आणि मज्जारज्जूला इजा झालेला, सगळे एकाच मापाने? ज्याची उंचीही उभे करून मोजता येत नाही, त्याला कसले सूत्र लावता? घरबसल्या लिहून अपंगांना उपाशी ठेवू नका."

महोदय,

उंचीबद्दलचा आपला आक्षेप मला मान्य आहे. ती झोपवून, टाचेपासून टाळूपर्यंत मोजावी, हे वाक्य लेखात राहून गेले होते. ते आज घातले आहे. मात्र पाच सेंटिमीटरची चूक झाली तरी विश्रांतीतली कॅलरींची गरज काढणाऱ्या मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्रात फरक पडतो तो जेमतेम 31 कॅलरींचा, हेही आपण ध्यानात घ्यावे.

"घरबसल्या" हा शब्द मात्र मला लागला. माझा धाकटा भाऊ आंब्याच्या झाडावरून पडला आणि टी-10 मणक्याच्या पातळीवर त्याच्या मज्जारज्जूला पूर्ण इजा झाली, तेव्हापासून बारा वर्षे त्याचे ताट मी वाढते आहे. घरी बसले आहे ती यासाठी. रुग्णालयातून सुट्टी मिळताना त्याला जो आहारतक्ता मिळाला, त्यातला आकडा याच सूत्राने काढलेला होता. आम्ही तो काटेकोरपणे पाळला, आणि दोन वर्षांत त्याचे वजन नऊ किलोंनी वाढले. तो चोरून खातो, असे तेव्हा आम्हालाच ऐकवण्यात आले. आपल्या वाक्यातही मला तोच सूर ऐकू आला, म्हणून हे सविस्तर लिहिते.

1990 साली प्रसिद्ध झालेले हे सूत्र 498 निरोगी माणसांच्या मोजमापांवर बेतलेले आहे. ते वजन, उंची, वय आणि लिंग विचारते; त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती, हे विचारत नाही, कारण त्या वयाच्या चालत्याफिरत्या माणसात असते तेवढे प्रमाण ते गृहीत धरते. मज्जारज्जूला इजा झाली की पातळीखालचे स्नायू पहिल्या काही महिन्यांतच झपाट्याने झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते. चरबी विश्रांतीत स्नायूपेक्षा कितीतरी कमी ऊर्जा खर्च करते. काटा तेच वजन दाखवतो, शरीराचा खर्च मात्र उतरलेला असतो.

भावाचेच उदाहरण घ्या : तेव्हा वय 40, वजन 70 किलो, उंची 170 सेंटिमीटर. मिफ्लिनने विश्रांतीतली गरज येते 1,568 कॅलरी. शरीरातली चरबी आणि स्नायू मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत चरबी 36 टक्के निघाली, म्हणजे मेदविरहित वजन 44.8 किलो. ते 21.6 ने गुणून त्यात 370 मिळवायचे, हे कनिंगहॅम यांचे सूत्र. त्याने आकडा येतो 1,338. फरक सुमारे 15 टक्क्यांचा. त्यानंतरची चूक हा फरक आणखी वाढवते : दिवसभराची गरज काढताना विश्रांतीतल्या आकड्याला हालचालींच्या गुणकाने गुणतात. बैठ्या माणसासाठी तो गुणक 1.2 घेतात, तर मज्जारज्जूच्या इजेसाठी सुमारे 1.15 सुचवला जातो. एकीकडे दिवसाला 1,881, दुसरीकडे 1,539. ती 342 कॅलरींची तफावत रोज ताटात पडत होती.

तेव्हा, महोदय, ती टक्केवारी मी हवेतून आणलेली नाही. इजेनंतर विश्रांतीतला खर्च 14 ते 27 टक्के कमी आढळल्याचे संशोधनाच्या आढाव्यांत नोंदलेले आहे, आणि मेदविरहित वजनाच्या हिशेबाने पाहिले की त्यातला बराचसा फरक मिटतो. म्हणूनच टक्केवारी ही डेक्सा न करता येणाऱ्यांसाठीची सोय आहे. इजा जितकी वर, तितकी वजाबाकी सहसा मोठी. खरा आकडा हवा असेल तर उपाशीपोटी, स्वस्थ पडून, श्वासातला ऑक्सिजन मोजणारी अप्रत्यक्ष कॅलरीमापन तपासणी करावी. भावाची ती केली तेव्हा 1,320 आले.

उपाशी ठेवण्याचा आरोप तर मी लेख न वाचता केलेला समजते. इजेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत किंवा शय्याव्रण असताना ही वजाबाकी करू नये, व्रण असेल तेव्हा तर किलोमागे 30 ते 35 कॅलरी आणि भरपूर प्रथिने लागतात, हे लेखाच्या तिसऱ्याच परिच्छेदात आहे. पोलिओ आणि पाय कापलेल्यांचा हिशेब वेगळा, हेही उघडच आहे. लेख मज्जारज्जूच्या इजेचा होता, आणि शीर्षकात "व्हीलचेअर" हा शब्द आहे एवढ्यावर कोणी मला मूर्ख ठरवू नये.

आपल्याकडे कोणी असा रुग्ण असेल, तर महिन्यातून एकदा त्याला खुर्चीसकट काट्यावर घ्या, मग नुसत्या खुर्चीचे वजन करून ते वजा करा. ताट तेच असताना तीन महिने वजन चढत राहिले, तर ताटाचा आकडा 150 कॅलरींनी उतरवून पुन्हा मोजा. आम्ही तसेच केले. आता भाऊ 66 किलोंवर स्थिर आहे.